अडकलेला शॉवर आर्म: पाना, टाईल की आतून करवत?

आमच्या घरातल्या दोन बाथरूमचे शॉवर आर्म, म्हणजे भिंतीतून येऊन शॉवर धरणाऱ्या नळ्या, पंधरा वर्षांत कुणी हलवले नव्हते. बोअरचं जड पाणी, उन्हाळ्यात टँकर, आणि बसवतानाच सढळ हाताने गुंडाळलेला टेफ्लॉन, त्यामुळे दोन्ही आर्म भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे काटकोनी जोडात, घट्ट रुतले होते. पहिला आर्म पान्याने काढला, दुसरा कापून. तिसरा मार्ग म्हणजे टाईल फोडून एल्बो धरणं. तो मी स्वतः केलेला नाही, पण शेजारी केला तेव्हा दोन दिवस धूळ खाल्ली आहे. तेव्हा पुढचं मत एवढ्याच अनुभवावरचं आहे, ते तसंच घ्यावं.

कोणताही मार्ग निवडा, आधी भिंतीला टेकलेली चकती, म्हणजे फ्लँज, मागे सरकवून आत बघा. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी टाईलवाल्याने भोकात व्हाईट सिमेंट ठासलं होतं आणि आर्म आट्यांपेक्षा त्यातच जास्त अडकला होता. जुन्या करवतीच्या पात्याने ते कोरून काढलं की एल्बोचं तोंड दिसतं. मग व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवा. क्षार बाहेरच्या आट्यांवर असतील तर सुटतात. टेफ्लॉनमागे व्हिनेगर फारसं पोहोचत नाही, पण प्रयत्न फुकटचा आहे. गंज सोडवणारा स्प्रे मात्र मी भिंतीतल्या सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाईपजवळ नेत नाही, कारण काही तेलांनी त्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. आणि ब्लोटॉर्चचं तर नावच नको. हा पाईप ९३ अंश सेल्सिअसच्या आतल्या पाण्यासाठी बनलेला असतो, ज्योतीपुढे त्याचा काय निभाव लागणार!

आता पाना. सर्वात स्वस्त, सर्वात जलद, आणि प्लंबर आला की त्याचा हात आधी त्याच्याकडेच जातो. आर्मला कापड गुंडाळायचं, पाईप पाना लावायचा आणि उलटा फिरवायचा. दहापैकी सात आर्म असेच निघत असावेत, हे मी नाकारत नाही.

अडचण भिंतीच्या आत आहे. आर्म भिंतीतून आडवा बाहेर येतो आणि मागचा पाईप एल्बोपासून खाली, पाणी नळाकडे की शॉवरकडे ते ठरवणाऱ्या डायव्हर्टरपर्यंत, उभा जातो. आटे सुटले नाहीत तर एल्बो आर्मसोबत फिरू बघतो आणि त्याच्या खालचा उभा पाईप घड्याळाच्या लोलकासारखा बाजूला ओढला जातो. पाईपसाठी भिंतीत खोदलेली झिरी नीट भरलेली असेल तर सिमेंट त्याला हलू देत नाही. मग सगळा जोर पितळी आट्यांची जी नळी प्लास्टिकच्या एल्बोत बसवलेली असते तिच्यावर येतो आणि तीच आतल्या आत सुटते. झिरी पोकळ असेल तर पाईप वाकतो आणि खालचा चिकटवलेला जोड तडकतो. झिरीवरच्या टाईलवर बोटाने टकटक केली की भरीव आणि पोकळ यातला फरक कानाला कळतो.

या दोन्ही बिघाडांची खूण असते. हात सैल सोडल्यावर आर्म थोडा मागे येत असेल, स्प्रिंगसारखा, तर आटे सुटत नाहीत, पाईप वाकतो आहे. तिथेच थांबायचं. दुसरी खूण अशी, की अर्धा इंची आट्यांना इंचात १४ वळणं असतात. म्हणजे पूर्ण फेऱ्याला आर्म जेमतेम १.८ मिलिमीटर बाहेर यायला हवा. टाईलच्या कडेशी आर्मवर पेन्सिलने रेघ मारा. दोन फेरे फिरूनही रेघ जागची हलली नाही तर आटे नव्हे, पितळी नळीच प्लास्टिकात फिरते आहे. पण ही दुसरी खूण पटेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

आमच्या पहिल्या बाथरूममध्ये नेमकं हेच झालं. प्लंबरने १८ इंची पाना लावला, शेवटी दोन्ही हातांनी दाबला, आर्म "कट्" करून फिरला आणि सगळ्यांना बरं वाटलं. नवा आर्म लागला, शॉवर चालला, पैसे देऊन झाले. तीन आठवड्यांनी बेडरूममधल्या कपाटामागे रंगाचे पोपडे आले.

तीन आठवडे का लागले, यातच माझा निर्णय झाला. डायव्हर्टरपासून शॉवरपर्यंतच्या पाईपमध्ये दाबाचं पाणी कायम नसतं, शॉवर चालू असतो तेवढ्यापुरतंच असतं. घरातले सगळे नळ बंद करून रात्रभर मीटर बघितलात तरी ही गळती सापडत नाही. रोज सकाळी तीन आंघोळी, तेवढा वेळ थेंबथेंब पाणी, मग दिवसभर कोरडं. भिंत हळूहळू पीत राहते. पान्याची माझी तक्रार अशी की तो चुकला हे त्या दिवशी कळतच नाही. आधी मला वाटलं बाल्कनीतून पाऊस झिरपतोय, बायकोला वाटलं वरच्या मजल्यावरून. वरच्यांशी वाद होता होता राहिला.

म्हणून पान्याला मी एक संधी देतो, तीही बांधून: १० इंची पाना, एकच हात, खांद्याचा जोर न लावता. सुटला तर छान, स्प्रिंगसारखा मागे आला तर पाना पिशवीत.

टाईल फोडण्याचा मार्ग कागदावर सर्वात निर्दोष आहे. एल्बो उघडा पाडा, एका पान्याने तो धरा, दुसऱ्याने आर्म फिरवा, जोर भिंतीपर्यंत जातच नाही. पितळी आट्यांच्या नळीला बहुधा षटकोनी कड असते, धरायचं तिथेच, प्लास्टिकला नाही. पण पंधरा वर्षांपूर्वीची टाईल आता कुठे मिळणार? शेजाऱ्यांनी शेवटी शॉवरखाली वेगळ्या रंगाचा पट्टा "डिझाईन" म्हणून खपवला. हा मार्ग मला एकाच परिस्थितीत पटतो: मागे बेडरूमची चार इंची विटांची भिंत असेल तर तिकडूनच उघडा, तिथे फक्त प्लास्टर आणि रंग आहे. काँक्रीटच्या भिंतींची इमारत असेल तर तेही विसरा.

दुसऱ्या बाथरूममध्ये मी स्वतः कापलं. एका रविवारी, चहा धरून दीड तास.

आर्म टाईलपासून साधारण एक सेंटीमीटर ठेवून हॅकसॉने कापला. मग दोरा बांधलेला स्पंजचा तुकडा एल्बोतून खाली उभ्या पाईपच्या तोंडात सरकवला, म्हणजे पितळेचा कीस डायव्हर्टरवर जाऊन बसत नाही. दोऱ्याचं टोक बाहेर चिकटवून ठेवलं. करवतीचं नेहमीचं अर्धा इंची पातं आर्मच्या आत जेमतेम मावतं आणि अडकतं, म्हणून सहा इंची छोट्या हॅकसॉचं अरुंद पातं घेतलं, एका टोकाला कापड गुंडाळलं आणि किती आत जायचं त्या खुणेला टेप लावली. ही टेप फार महत्त्वाची, नाहीतर पात्याचं टोक मागच्या प्लास्टिकला ओरखडे काढतं.

आता आतून बाहेर, वरच्या बाजूला, एक चीर. लहान लहान फेऱ्या, घाई नाही. आर्म पितळी आणि एल्बोचे आटेही पितळी, मग कुठे थांबायचं हे रंगावरून कळत नाही. मला कळलं ते टेफ्लॉनमुळे. वीसेक मिनिटं नुसता पिवळा कीस येत होता, मग पात्याच्या दातात पांढरा धागा अडकून आला, कापसासारखा. आर्मची भिंत संपली, पुढे एल्बो. तिथेच थांबलो. आठ मिलिमीटर सोडून दुसरी चीर, पुन्हा पांढरा धागा येईपर्यंत. मधली पट्टी जुन्या स्क्रू ड्रायव्हरने आत दाबली, ती वाकली, आणि उरलेल्या नळीची पकड सुटली. नोज प्लायरने दाबून फिरवल्यावर ती इतकी सहज आली की मी दोनदा बघितलं, आट्यांसकट आली का म्हणून. एल्बोवर जोर असा पडलाच नाही.

कमतरताही सांगतो. आर्म स्टीलचा असेल तर पाती दोन-तीन लागतील आणि दुपार जाईल. हात घसरला तर एल्बोच्या आट्यांवर बारीक ओरखडा पडतो. माझ्याकडे एक पडलाच, पण टेफ्लॉनचे दोन वेढे जास्त दिल्यावर तिथून थेंब आलेला नाही. आणि जुना आर्म अर्थातच गेला. आत अडकलेली नळी फुगवून पकडणारं एक हत्यारही मिळतं, पण पातळ पितळ फुगलं की आट्यांत आणखी घट्ट बसतं, आणि फिरवण्याचा जोर शेवटी एल्बोवरच येतो. त्यापेक्षा पाना काय वाईट?

लोखंडी जीआय पाईपच्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर माझा कल थोडा बदलेल. तिथे प्लास्टिकातून पितळ सुटण्याचा प्रश्नच नाही. पण आतून गंजून पातळ झालेला पाईपही ओढ सोसत नाही, म्हणून एका हाताचा नियम तिथेही पाळावा.

मार्ग कोणताही निवडा, नवा आर्म लावण्याआधी एक चाचणी करा, ती मी पहिल्या वेळी केली नव्हती. स्पंज ओढून काढा, बादली धरून शॉवर चालू करा, कीस वाहून जाऊ द्या. मग एल्बोला अर्धा इंची डमी प्लग टेफ्लॉन लावून बसवा, डायव्हर्टर शॉवरवर फिरवा आणि पाणी चालू ठेवून तासभर तसंच सोडा. आता त्या पाईपमध्ये दाब सलग राहतो, कित्येक आंघोळींएवढा वेळ एका दमात. मी या वेळी तासभर मागच्या खोलीत कपाट सरकवून, भिंतीला हात लावून बसलो होतो. भिंत कोरडी होती. मग प्लग काढला आणि नवा आर्म आधी हाताने फिरवला. चार वळणं अलगद गेली, तेव्हा कुठे टेफ्लॉनला हात लावला.