पहिल्यांदा गोटा करताना: झिरो मशीन, सलूनचा वस्तरा की घरचं रेझर?

हा प्रश्न माझ्या मावसभावाने विचारला. वय छत्तीस, भोवऱ्याजवळचे केस इतके विरळ की पावसात भिजला की टाळू दिसते. काम औषधांच्या ऑर्डर घेण्याचं, म्हणजे दिवसभर सांगली-मिरज-कुपवाड मोटारसायकलवर. "एकदाचं सगळं काढून टाकावं म्हणतोय, पण कशानं काढू?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

पर्याय चार आहेत: गार्ड काढून मारलेलं झिरो मशीन, सलूनमधला वस्तरा, घरी दाढीचं रेझर आणि डोक्यासाठी मिळणारा गोल पात्यांचा इलेक्ट्रिक शेव्हर. शेवटचा लगेच बाजूला ठेवू. पहिल्या दिवशी तो कामाचा नाही, कारण एक-दोन मिलिमीटरपेक्षा लांब केस त्याच्या जाळीत शिरत नाहीत, नुसते ओढले जातात. पुढे रोज सकाळी कोरडा हात फिरवायला तो सोयीचा पडतो, पण वस्तऱ्यासारखा तुळतुळीतपणा त्यातून येत नाही. शिवाय पाती बोथट झाली की बदलण्याचा खर्च असतो.

झिरो मशीन आणि वस्तरा यांत खरा फरक

झिरो मशीन साधारण अर्धा मिलिमीटर खुंट ठेवतं, वस्तरा काहीच ठेवत नाही. आकडा किरकोळ वाटला तरी दिसण्यात मोठा फरक पडतो. ज्याचे केस सगळीकडे सारखे दाट आहेत त्याला झिरो मशीन छान दिसतं. पण भोवरा विरळ असेल तर झिरोनंतर कानाच्या बाजूला आणि मागे निळसर-काळी सावली राहते, मध्ये मात्र उघडा गोल दिसतो. म्हणजे जे लपवायचं होतं त्याला चौकट मिळते. वस्तऱ्याने ही सावली बरीच फिकी होते. मावसभावाच्या बाबतीत तोलणारा मुद्दा हाच होता.

दुसरा फरक लोकांच्या बोलण्याचा. आपल्याकडे अचानक तुळतुळीत डोकं दिसलं की पहिला प्रश्न "घरात काही झालं का हो?" आणि दुसरा "बालाजीला जाऊन आलात?" मिरजेवरून हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपतीला जाणारे इतके आहेत की त्यात विचारणाऱ्याची चूक नाही. झिरो मशीनला हा प्रश्न येत नाही, उन्हाळ्याची कटिंग म्हणून खपून जातं. दारोदार फिरणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच उत्तर वीस ठिकाणी द्यावं लागतं. त्याची तयारी नसेल तर आधी झिरो मारावं, लोकांचे डोळे सरावू द्यावेत आणि मग वस्तऱ्याकडे वळावं.

माझं मतही हेच: पहिला आठवडा झिरो मशीन. डोक्याचा आकार कळतो, जुने वण, तीळ, फोड कुठे आहेत ते दिसतं, कोंड्याचे किंवा खपलीचे चट्टे उघडे पडतात. लालसर जागेवर चांदीसारखी खपली दिसली तर वस्तरा लावण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सोरायसिस असेल तर पात्याच्या ओरखड्याने तो वाढू शकतो. आणि एक गैरसमज इथेच मोडतो. जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात असं घरोघर सांगतात, पण वस्तऱ्याने मुळाला काहीच होत नाही. विरळ भोवरा विरळच उगवतो. खुंट जाड लागतो, कारण त्याचं टोक सपाट कापलेलं असतं.

पहिला वस्तरा सलूनमध्ये की घरी?

पहिला सलूनमध्ये. मागची बाजू आपल्याला दिसत नाही आणि डोक्याची त्वचा कापली तर रक्त अपेक्षेपेक्षा जास्त येतं, नवखा घाबरतो. हात बसलेला कारागीर दहा-पंधरा मिनिटांत काम उरकतो. त्याचा हात कसा फिरतो तेही कळतं.

पण दोन गोष्टी सांगून करून घ्या. पहिली, अर्धं ब्लेड आपल्यासमोर कागदातून काढून वस्तऱ्यात बसवलेलं पाहा. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो, त्यामुळे "पुसून घेतलंय" हे उत्तर चालत नाही. दुसरी, "फक्त सुलटा हात, उलटा नको" असं आधीच सांगा. केसाच्या दिशेने फिरवला तो सुलटा, विरुद्ध फिरवला तो उलटा. बहुतेक कारागीर गुळगुळीतपणासाठी दुसरा हात उलटा मारतात. नेहमी डोकं करणाऱ्याला तो सोसतो, पहिल्यांदा करणाऱ्याच्या मानेवर मात्र तिसऱ्या दिवशी पुरळ उठू शकतं.

मग सलूनच कायम का नको? कारण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे रोज एक तृतीयांश मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात खरखरतो, तिसऱ्या दिवशी उशीचा अभ्रा खुंटाला अडकतो. तुळतुळीत ठेवायचं तर महिन्यातून दहा वेळा खुर्चीत बसावं लागेल. रविवारी रांग, सोमवारी बहुतेक सलून बंद. खर्चापेक्षा वेळच जास्त जातो. म्हणून पहिली एक-दोन खेप सलून आणि पुढे घर, हा क्रम जमतो.

घरी करताना

रेझर कोणतं? दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरचं डोकं हलत नाही, त्यामुळे कानामागच्या वळणावर हात चुकला की काप बसतो. सुरुवातीला मान हलणारं कार्ट्रिज रेझर बरं. मात्र तीन-पाच पात्यांचं कार्ट्रिज केस किंचित ओढून त्वचेच्या पातळीखाली कापतं, त्यामुळे कुरळ्या, राठ केसांत तो केस आतल्या आत वळण्याचा धोका असतो. तसे केस असतील तर दोन पात्यांचंच घ्या आणि दाबू नका. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं.

आधी मशीनने झिरो करा, नाहीतर दोन हातांत रेझर तुंबतं. मग कोमट पाण्याने आणि शाम्पूने डोकं धुऊन तीन-चार मिनिटं ओलं राहू द्या. कोरडा केस राठ असतो, ओला मऊ पडतो. फेस पातळ लावा, खालची त्वचा दिसली पाहिजे. सुरुवात कानशिलापासून करा, तिथले केस मऊ असतात. मागचे राठ केस तोवर आणखी भिजतात. कानाजवळ आलात की कान पुढे दुमडून धरा. एक-दोन हात झाले की रेझर धुवा.

भोवरा ही अवघड जागा. तिथे केस चक्राकार फिरतात, त्यामुळे एका सरळ हातात अर्धं सुलटं आणि अर्धं उलटं होतं. छोटे छोटे हात, प्रत्येक वेळी दिशा थोडी वळवत, मारायचे. मान त्याहून फसवी. तिथे अनेकांचे केस वर किंवा मध्याकडे वळलेले असतात. कोरड्या मानेवर आधीच बोट फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकतं ती सुलटी दिशा. हनुवटी छातीला टेकवली की मागच्या घड्या उलगडतात. डावा हात सतत पुढे चाचपत राहिला पाहिजे, कारण पाठीमागे तोच डोळा. राहिलेल्या जागेवर पुन्हा फेस लावून आडवा हात मारा. उलटा हात पहिले काही महिने नकोच.

शेवटी गार पाणी, टॉवेलने टिपणं आणि बारीक काप असेल तिथे ओली तुरटी. सुगंधी, स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको. साधं मॉइश्चरायझर पुरतं. पहिल्या खेपेला अर्धा तास धरा.

जळजळ लगेच होऊन सकाळपर्यंत निवली तर ते फक्त खरचटणं. दोन-तीन दिवसांनी लाल पुळ्या आल्या आणि त्यांत वळलेला केस दिसला, तर केस आत वाढलाय. पू दिसला तर केसाच्या मुळाशी संसर्ग. दोन्ही वेळा रेझर बंद करा, सगळं निवळेपर्यंत झिरो मशीनवर राहा. मानेवर टणक गाठी महिना-महिना तशाच राहिल्या तर डॉक्टरकडे जा, त्या वाढून कायमचे वण होऊ शकतात.

ऊन

इथे झिरो आणि वस्तरा जवळजवळ सारखेच. अर्ध्या मिलिमीटरचा खुंट सांगलीच्या एप्रिलमधलं ऊन अडवत नाही. टाळूने आयुष्यात ऊन पाहिलेलं नसतं, ती चेहऱ्यापेक्षा फिकी असते आणि आधी भाजते.

म्हणून वस्तरा सकाळी निघायच्या आधी नको. रात्री केला तर त्वचेला विसावा मिळतो, सनस्क्रीनही झोंबत नाही. आमच्या मावशीला दिवेलागणीनंतर केस काढणं चालत नाही आणि शनिवारी तर नाहीच. मग रविवार दुपारवर तडजोड झाली, तेवढा वेळही पुरतो.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ असलेलं. दोन बोटं भरून टाळूला, आणखी एक बोट कानांच्या पाळ्यांना आणि मानेला. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा. एसपीएफ ३० भाजवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८, तेव्हा महागड्या आकड्यापेक्षा पुन्हा लावण्याला महत्त्व द्या. घामाबरोबर डोळ्यात उतरून चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, कपाळाजवळ जरा पांढुरकं दिसेल. खोबरेल तेलावर विसंबू नका, त्याने डोकं चमकतं पण ऊन अडत नाही.

दहा ते चारमध्ये टोपी सनस्क्रीनपेक्षा भरवशाची. घट्ट विणीची सुती टोपी घ्या, जाळीची नको. आपली गांधी टोपी टाळू झाकते, कान आणि मान उघडीच राहतात. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घातली की घाम टिपला जातो आणि खुंट अस्तराला अडकत नाही. ती रोज धुवायची, अस्तर आठवड्याने. नाहीतर त्या पुळ्यांचा दोष उगाच वस्तऱ्याला जातो.

मावसभाऊ आता रविवारी आणि बुधवारी रेझर वापरतो. मधल्या दिवसांत काही नाही, दिवाळीच्या आसपास सलूनमध्ये जातो. आवडलं नाही तर परत वाढवताना बाजूचे केस आधी भरल्यासारखे दिसतात आणि वरचा विरळपणा उठून दिसतो. त्यासाठी पहिले दोन महिने बाजूंना एक नंबर गार्ड, म्हणजे तीन मिलिमीटर, मारत राहायचं आणि वरचे केस तेवढे सोडायचे.