तेरा हजार नऊशेचा 'न तापवलेला' सिट्रीन: फोटोत सगळं दिसत होतं, मीच बघितलं नाही

आधी आकडे देतो, म्हणजे सहानुभूती दाखवायची की हसायचं ते तुम्ही ठरवा. नमुना १३,९०० रुपये. पार्सल ४५० रुपये. नंतर शहाणपणा म्हणून केलेली तपासणी १,१८० रुपये. एकूण १५,५३० रुपये, आणि हातात १ किलो ६४० ग्रॅमचा भाजलेला जमुनिया.

होय, जमुनियाच. अमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ. भट्टीत घालून पिवळा केलेला आणि सिट्रीन, म्हणजे मुळातच पिवळा क्वार्ट्झ, म्हणून विकलेला. दगड जमवणाऱ्यांना हा प्रकार माहीत असतो, मलाही माहीत होता, आणि लाज त्याचीच वाटते. मी काही कालचा पोर नाही. आठ वर्षं नमुने गोळा करतोय. कॅल्साइट आणि क्वार्ट्झ फोटोवरून वेगळे सांगतो, बहुतेक वेळा बरोबर सांगतो. तरी फसलो. म्हणून हे लिहितोय. ज्यांना "मला तर लगेच कळलं असतं" असं म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.

विक्रेत्याने चार फोटो टाकले होते. पहिल्यात गडद नारिंगी, टोकांना जवळजवळ विटकरी झाक असलेल्या स्फटिकांचा गुच्छ, काळ्या मखमलीवर ठेवलेला. खाली लिहिलेलं, 'नैसर्गिक सिट्रीन'. फोनवर तो म्हणाला, "साहेब, न तापवलेला आहे. असा रंग दहा वर्षांत एकदा येतो." हे वाक्य फक्त फोनवर होतं. लिखाणात 'न तापवलेला' हा शब्द कुठेही नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच माझा घात केला.

मी माझ्या परीने तपासणी केली होती बरं का. रंग, चकाकी, स्फटिकांचा आकार, तिन्ही पाहिले. पण कशावरून काय ठरतं हेच उलटं धरलं.

चकाकीपासून सुरुवात केली, कारण तिथे मला आत्मविश्वास होता. फोटो मोठा करून बघितला. पैलूंवर प्रकाशाचे ठिपके धारदार, कडा स्पष्ट. एका टोकाचा टवका उडालेला, तिथला भाग शिंपल्यासारखा वळलेला आणि तोही काचेसारखा चमकणारा. क्वार्ट्झ असाच फुटतो. कॅल्साइट असता तर सपाट, तिरक्या पायऱ्यांनी तुटला असता. म्हणजे क्वार्ट्झ पक्का, राळेचं किंवा प्लास्टिकचं बनावट नाही, असं मी ठरवलं, आणि ते बरोबरच होतं! पण चकाकीने एवढंच सांगितलं की हा क्वार्ट्झ आहे. सिट्रीन क्वार्ट्झ, अमेथिस्ट क्वार्ट्झ, भाजलेला अमेथिस्टही क्वार्ट्झच. तिघांची चकाकी एकच. ज्या परीक्षेत तिघेही पास होतात, तिच्या निकालावर मी पैसे पाठवले.

रंगाचं तर विचारूच नका. रंगाच्याच मी प्रेमात पडलो होतो. नैसर्गिक सिट्रीन बहुतेक वेळा फिका असतो. हलका पिवळा, मधाचा, बऱ्याचदा धुरकट तपकिरी छटा मिसळलेला, आणि तो रंग स्फटिकात बऱ्यापैकी पसरलेला असतो. करपलेल्या साखरेसारखा नारिंगी रंग दिसला की पहिली शंका भट्टीची घ्यायची. मी शंका घेतली ती फोटोच्या प्रकाशाची. दुसऱ्या फोटोत विक्रेत्याची बोटं होती, तीही नारिंगी. बाजूला कागदाची एक कड होती, ती पांढरी असायला हवी होती, दिसत होती पिवळसर. मी मनात म्हटलं, चला, दिवा पिवळा आहे, म्हणजे खरा रंग याहून फिका असेल, म्हणजे नैसर्गिक रंगाच्या जवळ जातो. बघा, डोकं कसं चालतं. जो पुरावा विरोधात होता, तोच मी बाजूने वळवून घेतला. फोटोतला रंग दिव्याने, मोबाइलने आणि विकणाऱ्याच्या हाताने बदलतो. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेला फोटो मिळत नसेल तर रंगावर एक शब्दही बोलू नये. मी मात्र रंगावरच सगळं बोललो.

आता तो चौथा फोटो. गेले दोन महिने मी तो इतक्या वेळा उघडलाय की डोळे मिटले तरी दिसतो. यात नमुना थोडा तिरका धरलाय, त्यामुळे कडेचा काप दिसतो. सगळ्यात खाली अगेटचा पातळ, पट्ट्यापट्ट्यांचा थर. त्यावर खडूसारखा पांढरा, अपारदर्शक क्वार्ट्झ. आणि अगदी वर, टोकांच्या शेवटच्या सेंटिमीटरभरात तो नारिंगी रंग, जणू दात रंगात बुडवून काढलेत.

रंग फक्त टोकांनाच का, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. उत्तर मला माहीत होतं. अमेथिस्टमध्ये क्वार्ट्झच्या जाळीत लोहाचा अगदी थोडा अंश असतो आणि नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे तो जांभळा दिसतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेल्या गुच्छांमध्ये हा जांभळा रंग टोकांकडे गोळा झालेला असतो, तळ पांढुरका राहतो. उरुग्वेतल्या आर्टिगासचे किंवा दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांडे डो सुलचे गुच्छ आठवा. असा गुच्छ साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवला की जांभळा जातो आणि लोहामुळे पिवळा-नारिंगी येतो. पण रंग जागा बदलत नाही. जांभळा जिथे होता तिथेच नारिंगी येतो. म्हणजे पांढरा तळ आणि रंगीत टोकं हा अमेथिस्टचाच नकाशा, फक्त शाई बदललेली.

आणि आकार? तो तर ओरडून सांगत होता. फोटोत प्रत्येक स्फटिकाचं फक्त टोक दिसत होतं, बुटकं, पिरॅमिडसारखं, शेजाऱ्याला चिकटून. उभ्या बाजू कुठेच नाहीत. पोकळीच्या भिंतीवर दाटीवाटीने वाढलेल्या अमेथिस्टचं हेच रूप असतं, बाजूला वाढायला जागाच नसते. नैसर्गिक सिट्रीन बहुधा सुटा किंवा मोजक्या जोडीदारांसोबत मिळतो, लांब सहा बाजूंचा खांब आणि त्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा. चारही फोटोंत एकसुद्धा आडवी रेघ नव्हती, कारण रेघ उमटायला बाजूच नव्हती.

एवढ्याने शंभर टक्के सिद्ध होत नाही हे मान्य. पोकळीत नैसर्गिक पिवळा क्वार्ट्झ क्वचित मिळतोही. पण बुटकी टोकं, पांढरा तळ आणि करपट नारिंगी हे तिन्ही एकत्र दिसले की 'न तापवलेला' हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची, आपली नाही. मी ती आपण होऊन डोक्यावर घेतली.

आणि ऐका, मला शंका आली होती! एका कोपऱ्यात, दोन टोकांच्या फटीत, फिकट जांभळी झाक होती. मी फोन करून विचारलं. पलीकडून क्षणाचाही विलंब न होता उत्तर आलं, "साहेब, तेवढा भाग अमेट्रीन झालाय. त्याचे मी वेगळे पैसे घेत नाहीये." आणि मी खूश झालो. फुकटात अमेट्रीन! अमेट्रीनमध्ये एकाच स्फटिकात जांभळे आणि पिवळे भाग कापलेल्या फोडींसारखे स्पष्ट वेगळे असतात, बोलिव्हियातल्या अनाही खाणीचे नमुने पाहिलेत त्यांना ठाऊक आहे. फटीत राहिलेली झाक म्हणजे जिथे आच नीट पोचली नाही ती जागा. जो डाग चोर पकडून देत होता, त्यावर मी बक्षीस म्हणून समाधान मानलं. पाच मिनिटांत पैसे पाठवले.

पार्सल आलं त्या संध्याकाळी माझ्या मावसबहिणीला फोटो पाठवला. ती भूशास्त्र शिकवते. तिचा फोन आला, "अरे, हा भाजलेला आहे. किती दिलेस?" मी म्हटलं, "ताई, आधी सांग कशावरून." ती म्हणाली, "तू बाजू दाखव ना एखाद्या स्फटिकाची." मी नमुना हातात घेऊन पाच मिनिटं फिरवत बसलो. दाखवायला बाजू नव्हती. किती दिले ते तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

तरी हट्टाने तपासणीला दिला. अहवाल आला, 'नैसर्गिक क्वार्ट्झ, सिट्रीन प्रकार'. तापवण्याबद्दल अक्षर नाही. विचारलं तर म्हणाले, व्यापारात तापवलेल्यालाही सिट्रीनच म्हणतात, आणि तापवलंय की नाही ते नेहमीच्या तपासणीत ठरत नाही. बरोबरच आहे त्यांचं. ध्रुवित फिल्ममधून फिरवून पाहिलं तर नैसर्गिक सिट्रीनची छटा किंचित बदलते आणि भाजलेल्याची सहसा बदलत नाही. मी पाहिलं, नाही बदलली. पण फरक इतका बारीक की त्यावर कोणी शिक्का मारणार नाही.

मग हा अहवाल घेऊन दारोदार फिरलो. विक्रेता म्हणाला, "बघा साहेब, सिट्रीनच निघाला ना!" माझ्याच ११८० रुपयांचा कागद त्याने माझ्यावर उलटवला. ज्या ठिकाणावरून विकत घेतलं त्यांनी कळवलं की वस्तू वर्णनाप्रमाणे आहे, तक्रार बंद. दुसऱ्यांदा लिहिलं तर तेच उत्तर, फक्त माझं नाव चुकवलेलं. बँकेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात एक तास बसवलं. साहेबांनी अहवाल वाचला, 'नैसर्गिक' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नैसर्गिक लिहिलंय की. फसवणूक कुठाय?" मी लोह, किरणोत्सर्ग, भट्टी सगळं सांगायला लागलो. त्यांनी दगड हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "छान आहे, ठेवा शोकेसमध्ये." शेजारचा हवालदार हसला. अर्ज घेतला, पोचपावती दिली नाही. उद्या या म्हणाले. तीन 'उद्या' झाले. चौथ्याला टेबलावर दुसरेच साहेब होते, त्यांना पहिल्यापासून सांगा म्हणे.

'न तापवलेला' हे लिहून घ्या रे. फोनवरचं बोलणं कोणी ऐकत नाही. मी शिकलो ते हे, पण १५,५३० रुपये उशिरा. आणि कडेचा फोटो मागा. मागचा मागा. मखमल काढायला सांगा. एक स्फटिक बाजूने दाखवा म्हणा, आणि तो "सगळे असेच असतात" म्हणाला तर फोन ठेवा.

कालच त्याच विक्रेत्याने नवीन नमुना टाकलाय. तोच रंग, तीच काळी मखमल, दर १६,२०० रुपये. या वेळी फोटो तीनच आहेत. कडेचा नाही.