को-वर्किंगच्या पाटीवरची ओळ: ‘निवांत जागा’ की ‘वीज गेली तरी’?

चिपळूणला चिंचनाक्याजवळ पहिल्या मजल्यावर दहा टेबलांची जागा सुरू केली, तेव्हा नावाखालच्या ओळीसाठी दोन पर्याय शेवटपर्यंत उरले होते. एक, ‘निवांत जागा, मनासारखं काम’. दुसरा, ‘वीज गेली तरी कॉल चालू’. दोन्ही ओळी मी लावून पाहिल्या आहेत, म्हणून हा अनुभव. ‘फ्रीलान्सर्ससाठी हक्काचं ऑफिस’ ही तिसरी ओळ पेंटरकडेच बाद झाली. त्या ‘र्स’ला लागून पुन्हा ‘सा’ येतो आणि लांबून सगळा गोळा दिसतो.

आधी पहिली ओळ लावली. ती मला मनापासून आवडत होती. ऐकायला गोड, घरच्यांनाही पसंत. पुण्या-मुंबईहून कायमचा परत आलेला माणूस घरात काम करताना कशाला कंटाळतो, ते तिच्यात बरोबर आलं आहे: सतत येणारे-जाणारे, कुकरच्या शिट्ट्या आणि ‘तू घरीच आहेस ना, मग जरा बँकेत जाऊन ये’.

पण पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन वर आले आणि म्हणाले, “दादा, अभ्यासिकेची महिन्याची फी किती?” त्यानंतर असे लोक येतच राहिले. आपल्या गावांमध्ये ‘निवांत जागा’ म्हटलं की स्पर्धा परीक्षेची अभ्यासिकाच डोळ्यांपुढे येते, त्यात त्यांची काहीच चूक नाही. रिकामी टेबलं पाहून मीही चार मुलांना बसायला दिलं, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. त्या मुलांना टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता हवी. घरून नोकरी करणाऱ्या बाईंना मात्र रोज दुपारी दोन तास क्लायंटशी बोलायचं असतं. मुलं मान वळवून बघायची, त्या बाई लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसायच्या. दुसऱ्या महिन्यात त्या यायच्या थांबल्या. दोघांनाही मी त्याच ओळीने बोलावलं होतं आणि दोघांनाही कबूल केलेलं देता येत नव्हतं. माझा निर्णय या एका त्रासामुळे झाला.

दुसऱ्या ओळीत सगळं काम ‘कॉल’ हा शब्द करतो. आधी ‘वीज गेली तरी काम चालू’ असं लिहिणार होतो. पण काम पिठाच्या गिरणीतही चालतं. ‘आत्ता कॉलवर आहे’ असं रोज म्हणणाऱ्याला मात्र ही ओळ आपल्यासाठी आहे हे पायरीवरच कळतं, आणि इथे लोक बोलणार हे विद्यार्थ्यालाही कळतं. अभ्यासिकेची विचारणा माझ्याकडे जवळजवळ थांबली. आणखी एक फायदा म्हणजे ओळीत एकही जोडाक्षर नाही. रस्त्यापलीकडून, साधारण चाळीस फुटांवरून, सहा इंची अक्षरात ती दुचाकीवरूनही वाचता येते. वेलांट्या-उकारांना वरखाली जागा लागते, म्हणून इंग्रजीच्या हिशेबाने चार इंची अक्षर घेऊ नका.

या ओळीत खोट नाही असं नाही. एकदोघे इन्व्हर्टरचं दुकान समजून बॅटरीचा भाव विचारून गेले. नावात ‘को-वर्किंग’ मोठं केल्यावर ते थांबलं. पाटीची सुरुवात ‘वीज गेली’ने करणं मावशीला आजही रुचत नाही, आणि तिचं म्हणणं मी अगदीच उडवून लावणार नाही.

मोठी गोष्ट अशी की हे वचन आहे, आणि ते पाळायला खर्च येतो. दहा लॅपटॉप, चार पंखे, दिवे आणि राउटर मिळून माझा भार साडेनऊशे वॅटच्या आसपास जातो. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांवर अडीच तास निघतात. पण पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे दिवे चालू होते आणि नेट बंद. आमच्या लाइनवर खांबावरच्या पेटीत नेट पुढे पाठवणारा एक नेटवर्क स्विच होता. तोही विजेवरच चालायचा आणि त्याची बॅटरी पाऊण तासात संपायची. मग दुसऱ्या कंपनीची, मधे कुठेही वीज न लागणारी फायबर लाइन घेतली. तुम्ही भर दुपारी मेन स्विच पाडून आपलं इन्व्हर्टर जरूर तपासा, पण खांबावरची पेटी तेव्हा चालूच राहते. नेटची खरी परीक्षा अख्ख्या भागाची वीज जाते त्या दिवशीच होते, म्हणून असा एक दिवस पाहिल्याशिवाय पाटी रंगवायला देऊ नका.

तुमच्याकडे दार लावून बोलता येईल अशी वेगळी खोली असेल, आणि विद्यार्थीही चालणार असतील, तर पहिली ओळ वाईट नाही, कदाचित तीच जास्त टेबलं भरेल. माझ्यासारखा एकच हॉल असेल तर मी दुसरीच घेईन. त्या बाई आता खिडकीजवळच्या टेबलावर बसतात, आणि जुलैत बाहेर अंधारून आलं तरी त्यांचं बोलणं चालू असतं.