तडा गेलेला टब गोंदाने जोडावा की उष्णतेने? नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे कपडे भिजवायचा एक मोठा टब आहे, साधारण ४० लिटरचा. बुडाची कड जिथे वळून भिंत होते, तिथून त्याला तडा गेला आणि तो तिरका वर चढला. मोजला तर १४ सेंटिमीटर भरला. हा टब मी आधी दोनदा गोंदाने जोडला आणि दोन्ही वेळा तो उघडला. तिसऱ्यांदा उष्णतेने सांधला, आणि तो सांधा गेले नऊ महिने जवळपास रोज पाण्यात आहे.

पहिला प्रयत्न झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा होता. तडा कोरडा केला, गोंद सोडला, दाबून धरला. हाताला घट्ट लागला, पण पाणी भरताच भिंत किंचित फुगली आणि तडा टकन उघडला. दुसऱ्यांदा दोन वड्या मळून लावायची इपॉक्सी वापरली. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरवडल्या आणि आतून-बाहेरून जाड थर दिला. तो १७ दिवस टिकला. मग एका सकाळी आतला थर नखाने उचलला तर अख्खा, एका तुकड्यात हातात आला. त्याच्या मागच्या बाजूवर पॉलिश पेपरच्या ओरखड्यांचा हुबेहूब ठसा होता, आणि टबावर मात्र इपॉक्सीचा कणही उरला नव्हता.

त्या स्वच्छ पृष्ठभागातच गोंद का हरला ते दिसतं. गोंद कमजोर असता तर तो मधून फुटला असता, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे राहिला असता. इथे त्याने प्लास्टिकला धरलंच नव्हतं. बहुतेक बादल्या आणि टब पॉलिथिलिनचे (एचडीपीई) किंवा पॉलिप्रॉपिलिनचे (पीपी) असतात. दोन्हींचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. पाण्याचा थेंब त्यावर पसरत नाही, गोळा होऊन बसतो, आणि गोंदाचंही तेच होतं. खरवडल्याने थोडी पकड मिळते, पण भरलेल्या टबाची भिंत लवते आणि कडक झालेली इपॉक्सी लवत नाही. भरण्या-उपसण्याच्या प्रत्येक फेरीला ती कडेपासून थोडी थोडी सुटत जाते.

म्हणून आधी प्लास्टिक कोणतं ते बघा. बुडाखाली बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. आकडा नसेल तर काठाची छोटी कपची कापून पाण्यात टाका आणि बोटाने बुडवून हवेचे बुडबुडे झटका. ही दोन्ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा हलकी असल्याने कपची वर येते. ती तळाला गेली तर वस्तू पीव्हीसी, एबीएस किंवा पॉलिस्टायरीनची असू शकते. तिथे गोंद चांगला धरतो, तेव्हा उष्णतेच्या वाटेला जाऊ नका. पीव्हीसी तर मुळीच तापवू नका, त्यातून श्वासाला घातक आम्लाचा वायू निघतो.

माझ्या टबावर २ होता. म्हणजे उष्णता. पण त्याआधी आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे प्लास्टिकमध्ये अजून जीव आहे का. धारदार कटरने तड्याच्या कडेचा पातळ पापुद्रा काढा. तो लांब, वळणदार निघाला तर सांधा धरेल. भुकटी पडली किंवा पापुद्रा वाकवताच कटकन तुटला, तर उन्हाने प्लास्टिक कुजलेलं आहे. अशी बादली सांधली तरी सांध्याच्या शेजारीच नवा तडा जातो. आमची उन्हात राहिलेली एक जुनी बादली अशीच निघाली. तिला मी हात लावला नाही, आता ती कोरडं सामान ठेवायला आहे.

मग भरायला प्लास्टिक हवं. इथे मी एक चूक केली. टबाआधी हात बसावा म्हणून एका पीपीच्या बादलीचा काठ सांधून पाहिला, आणि पट्टीसाठी एका रिकाम्या कॅनचा तुकडा घेतला. रंग जुळला, जोड गुळगुळीत दिसला. दुसऱ्या दिवशी पट्टीचं टोक पक्कडीने ओढलं तर ती चिकटपट्टीसारखी सोलून निघाली. कॅन एचडीपीईचा होता. ही दोन्ही प्लास्टिकं वितळल्यावर एकमेकांत मिसळत नाहीत, नुसती शेजारी गोठतात. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या माझ्या मावसभावाला दाखवलं, तर तो म्हणाला, "अरे, रंगावर काय जातोस? जरासा तुकडा वितळवून लाव, थंड होऊ दे आणि ओढून बघ. तुटला तर आपला, सुटला तर परका." तेव्हापासून ही चाचणी मी दर वेळी करतो. टबासाठी पट्ट्या त्याच्याच काठाच्या आतल्या बाजूने कापल्या, ४ मिलिमीटर रुंदीच्या. परका तुकडा निघण्याची भीतीच उरली नाही.

आता प्रत्यक्ष काम. टब धुऊन एक दिवस वाळवला. तड्यात साबण मुरलेला असतो, तो राहिला तर वितळलेलं प्लास्टिक एकजीव होत नाही. नंतर तड्याचं खरं टोक शोधलं. डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा तडा थोडा पुढे गेलेला असतो. भिंत हलकेच वाकवली की तिथे पांढरी रेघ उमटते. त्या रेघेच्या जरा पुढे ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. टोकदार तड्याच्या अणीवर सगळा ताण एकवटतो, गोल भोकाच्या कडेवर तो वाटला जातो. म्हणून तडा तिथे थांबतो.

तड्यावर आतून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कोरली, भिंतीच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोल. कोरताना वरचं निस्तेज झालेलं प्लास्टिकही निघून जातं आणि आतलं ताजं उघडं पडतं. पुसायला स्पिरिट वापरलंत तर ते पूर्ण उडू द्या, मगच गरम हत्यार जवळ आणा.

हत्यार म्हणजे तापमान कमी-जास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न, चपट्या टोकाचं. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, पीपी १६० च्या पुढे. टोक मात्र त्याहून बरंच गरम लागतं, कारण प्लास्टिक उष्णता सावकाश घेतं. मी २६० वर सुरुवात केली. धूर निघाला किंवा कड तपकिरी झाली तर उष्णता जास्त आहे, जळालेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. तापमान बदलता न येणारं साधं आयर्न मी आधी वापरून पाहिलं होतं, त्याने दर वेळी जळालं. काम खिडकी उघडी ठेवून करा.

आधी दोन-तीन सेंटिमीटरवर टाके दिले, म्हणजे कडा वरखाली सरकत नाहीत. मग खाचेचा तळ वितळवून एक केला आणि शेवटी पट्टी भरली. सगळं कौशल्य इथेच आहे. पट्टी आणि खाचेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी मऊ व्हायला हव्यात. खाचेचा पृष्ठभाग ओला झाल्यासारखा चकाकला की पट्टी दाबायची, त्याआधी नाही. नुसती पट्टी वितळवून थंड खाचेत ओतली तर वरून छान दिसते, पण कडेने बारीक रेघ राहते आणि नखाने ती उचलते. बरोबर बसलेल्या सांध्याला अशी रेघ नसते. माझा मधला ३ सेंटिमीटरचा भाग असाच थंड बसला होता. तो कापून पुन्हा भरला.

बाहेरच्या बाजूने स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी प्लास्टिकमध्ये दाबून बसवली आणि वरून पुन्हा प्लास्टिकचा थर दिला. तार कुठेही उघडी राहू देऊ नका, कपडे अडकतात आणि हातही कापतो. मग टब तसाच निवू दिला. घाईने पाणी ओतून थंड केलं तर सांधा आखडतो आणि भिंत वाकडी होते.

दुसऱ्या दिवशी खाली कोरडा कागद घालून टब अर्धा भरला आणि रात्रभर ठेवला. कागद कोरडा राहिला. मग काठोकाठ भरला, तेव्हाही कोरडा.

पहिले चार महिने काही झालं नाही. पाचव्या महिन्यात बुडाजवळ ओल दिसली. सांधा शाबूत होता. जाळी जिथे संपते, त्याच्या बाहेर एक सेंटिमीटरवर केसासारखा नवा तडा होता. जाळीखालची भिंत ताठ झाली होती, शेजारची लवचीक राहिली होती, आणि आम्ही भरलेला टब एका बाजूने धरून ओढायचो. ३० लिटर पाणी म्हणजे ३० किलो. तो सगळा वाकवा त्या एका रेषेवर येत होता. भोक पाडून तेवढा तुकडा जाळीशिवाय सांधला आणि टब भरून हलवणं बंद केलं. त्यानंतरचे चार महिने कागद कोरडा आहे. आता पुन्हा असं काम केलं तर जाळीचं टोक सरळ न कापता निमुळतं करीन, म्हणजे ताठपणा एकदम संपणार नाही.

गोंद अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. पॉलिथिलिन-पॉलिप्रॉपिलिनसाठीच बनवलेले, आधी प्रायमर लावायचे गोंद मिळतात. एका प्लास्टिकच्या मगाचा कान तुटला तेव्हा मी तसा एक वापरला. प्रायमर पातळ लावून सुकू दिला, मग गोंद. कान अजून टिकून आहे. पण तिथे तुकडा जाड होता आणि लवत नव्हता. पातळ, लवणाऱ्या आणि पाण्याचा दाब झेलणाऱ्या भिंतीसाठी मी तो निवडणार नाही.

सांधलेला टब मी दोन कामांना देत नाही. त्यात पिण्याचं पाणी साठवत नाही. आणि कढत पाणी तर कधीच नाही, कारण उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं आणि सांधा अचानक उघडला तर ते पाणी पायावर येतं. बादलीची कडी अडकते ते कानही मी सांधत नाही. तिथे सगळं वजन एका बोटाएवढ्या जागेवर लटकतं, आणि उचलून चालताना तो कान सुटला तर आधी सूचना मिळत नाही.