वेबिनारची वेळ तीन देशांना कळवायची आहे: संक्षेप, शहरांची नावं की कॅलेंडर?

आमचं वेबिनार दर महिन्याच्या चौथ्या मंगळवारी, पुण्याच्या घड्याळाने संध्याकाळी साडेसहाला असतं. क्लायंट न्यूयॉर्क, लंडन आणि दुबईत. वेळ पक्की झाल्याचा मेल मीच पाठवते. हा मेल तीन तऱ्हांनी लिहिता येतो आणि तिन्ही मी वापरून पाहिल्या आहेत. ज्यांना अशी वेळ कळवायची आहे, त्यांनी कोणती निवडावी हे ठरवण्यासाठी एकच उदाहरण घेते: मंगळवार, २४ मार्च २०२६.

मार्च मुद्दाम घेतला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे २०२६ मध्ये ८ तारखेला. ब्रिटनमध्ये तेच मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २९ तारखेला होतं. दुबई आणि आपण काहीच बदलत नाही. त्यामुळे आपले साडेसहा न्यूयॉर्कला फेब्रुवारीत सकाळचे आठ असतात आणि मार्चमध्ये नऊ. लंडनला फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारचा एक, एप्रिलमध्ये दोन. दुबईत कायम संध्याकाळचे पाच. म्हणजे लागोपाठच्या तीन महिन्यांत तीन वेगळे मेल लागतात. मागच्या महिन्याचा मेल कॉपी करून नुसती तारीख बदलली की चूक झालीच.

पहिली तऱ्हा: संक्षेप. "सकाळी ८ ईएसटी, दुपारी १ जीएमटी, संध्याकाळी ५ जीएसटी." एका ओळीत मावतं, कामकाजी दिसतं, म्हणून बहुतेक जण हेच लिहितात. मीही लिहायची. ४ मार्च २०२५ ला मी असाच मेल पाठवला, वेबिनार २५ तारखेचं. फोनमधलं जागतिक घड्याळ उघडलं, न्यूयॉर्क साडेदहा तास मागे दिसलं, म्हणून आठ लिहिले. ते घड्याळ आजचा फरक दाखवतं, वेबिनारच्या दिवशीचा नाही, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. मध्ये ९ मार्चला अमेरिकेची घड्याळं पुढे सरकली.

त्या दिवशी न्यूयॉर्कची मंडळी त्यांच्या आठला जोडली गेली. आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजले होते. "यजमान लवकरच येतील" एवढीच ओळ बघत ती बसून राहिली. त्यांच्यातला एकजण मात्र बरोब्बर वेळेवर आला. त्याने मेलमधलं "८ ईएसटी" जसंच्या तसं एका कन्व्हर्टरमध्ये टाकलं होतं. ईएसटी म्हणजे हिवाळ्यातली प्रमाणवेळ आणि उन्हाळ्यातली ईडीटी. त्यामुळे आठ ईएसटी म्हणजे त्या दिवशीच्या घड्याळात नऊ, हे त्याला कन्व्हर्टरने सांगितलं. माझी ओळ शब्दशः बरोबर होती, तरी ती वाचून माणसं दोन वेगळ्या वेळांना आली. तिथले लोक बोलताना वर्षभर ईएसटीच म्हणतात आणि त्यांचा अर्थ "आत्ता घड्याळात जे वाजलंय ते" असा असतो.

बाकीचे संक्षेपही असेच फसवे आहेत. आयएसटी भारताची, तशी इस्रायलचीही. बीएसटी ब्रिटनची उन्हाळी वेळ, तशी बांगलादेशची प्रमाणवेळही. संक्षेप वापरायचाच असेल तर न्यूयॉर्कसाठी नुसतं "ईटी" लिहावं, त्यात उन्हाळा-हिवाळा दोन्ही येतात. पण माझं मत विचाराल तर ही तऱ्हा सोडाच.

दुसरी तऱ्हा: शहराचं नाव आणि तिथली वेळ. २४ मार्चच्या मेलचा गाभा असा असेल:

मंगळवार, २४ मार्च २०२६
न्यूयॉर्क: सकाळी ९:०० ते १०:००
लंडन: दुपारी १:०० ते २:००
दुबई: संध्याकाळी ५:०० ते ६:००

इथे वाचणाऱ्याला काही हिशोब करावा लागत नाही, आपलं शहर शोधलं की झालं. महिना अक्षरात लिहायचा, कारण ३/४ हे अमेरिकेत ४ मार्च वाचतात आणि लंडनला ३ एप्रिल. वारही हवाच. तारीख किंवा वार यांपैकी एक चुकलं तर दोन्ही जुळत नाहीत आणि कोणीतरी उलटटपाली विचारतं. संपण्याची वेळ लिहिली की समोरचा तेवढा तास राखून ठेवतो. मात्र "दहा मिनिटं आधी या" म्हणून ८:५० असा वेगळा आकडा ओळीत घालू नका. लोक पहिला दिसलेला आकडाच धरतात.

प्रत्येक क्लायंटला फक्त त्याचीच वेळ पाठवावी का, असा प्रश्न येतो. मी तसंही केलं होतं. पण न्यूयॉर्कच्या बाई तो मेल लंडनच्या सहकाऱ्याला पुढे पाठवतात आणि त्याच्या हाती नुसते नऊ पडतात. त्यामुळे तिन्ही ओळी ठेवायच्या, फक्त ज्याला पाठवतोय त्याचं शहर वर घ्यायचं.

या तऱ्हेत धोका आपल्या बाजूला असतो: हिशोब आपण करतो, चूकही आपलीच. म्हणून फरक वेबिनारच्या तारखेचा काढायचा. कन्व्हर्टरमध्ये २४ मार्च ही तारीख आणि पुण्याचे साडेसहा टाकून तिन्ही शहरं बघायची. नुसती "यूटीसी १३:००" ही वेळ तांत्रिक लोकांना चालते, पण विक्री किंवा हिशोब विभागातल्या माणसाला तिच्यातून आपली वेळ काढत बसावं लागतं. मी ती खाली एका ओळीत, पडताळणीपुरती देते.

तिसरी तऱ्हा: कॅलेंडरचं आमंत्रण. यात प्रत्येकाच्या फोनवर आपोआप त्याची वेळ दिसते आणि आठवणही वाजते. प्रवासात असलेल्या माणसालाही हीच सोयीची, कारण तो ज्या शहरात उतरेल तिथली वेळ दिसते. पण फाइल नीट बनलेली हवी. कोणी हाताने किंवा जुन्या साच्यातून बनवली की वेळेला टाइमझोनच नसतो:

```
DTSTART:20260324T183000
```

अशी वेळ तरंगती मानली जाते. न्यूयॉर्कलाही साडेसहा दिसतात, दुबईलाही साडेसहाच. फाइल नोटपॅडमध्ये उघडून ही ओळ बघायला अर्धा मिनिट लागतो. बरोबर ओळ अशी:

```
DTSTART:20260324T130000Z
```

शेवटचा Z म्हणजे ही वेळ यूटीसीतली आहे. आणखी एक गोष्ट दर महिन्याच्या मालिकेची. ती ज्याच्या कॅलेंडरमधून बनते, त्याची वेळ स्थिर राहते आणि बाकीच्यांची सरकते. पुण्यातून बनवली तर आपले साडेसहा टिकतात. न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याने मार्चमध्ये नऊची बनवली, तर नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेल्यावर आपल्याला ती साडेसातला दिसेल.

नुसतं आमंत्रण पुरत नाही. काही कंपन्यांच्या मेलमध्ये बाहेरून आलेली जोडलेली फाइल अडवली जाते आणि मग समोरच्याकडे वेळच पोचत नाही.

त्यामुळे मजकुरात शहरांच्या तीन ओळी आणि सोबत Z असलेलं आमंत्रण, असं मी आता पाठवते. व्हॉट्सॲपवर झटपट कळवायचं असेल तर नुसत्या तीन ओळी. क्लायंट एकाच शहरातले आणि आमंत्रण नेहमी स्वीकारणारे असतील तर आमंत्रण एकटंही चालेल. मेल पाठवल्यावर पुढच्या महिन्याचा मसुदाही तेव्हाच करून ठेवते. यावेळी त्यात २८ एप्रिल लिहिलंय आणि फक्त लंडनची ओळ बदललीय: दुपारी २:०० ते ३:००.