बायोलॉजीच्या पानाचा फोटो काढून फ्लॅशकार्डं: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आम्ही इंदूरचे, रामबागेकडचे. भाची नववीत आहे, इंग्रजी मीडियम, एनसीईआरटीचं पुस्तक. तिच्या बायोलॉजीसाठी मी गेले काही महिने पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर उचलते आणि त्याची अंकी या फ्लॅशकार्डांच्या ॲपमध्ये कार्डं करते. बरेच जण विचारतात की हे नेमकं कसं करायचं आणि उपयोग होतो का, म्हणून सविस्तर लिहितेय. सगळं एकाच पानावरून सांगते, टिश्यूच्या प्रकरणातलं पॅरेन्कायमा, कोलेन्कायमा आणि स्क्लेरेन्कायमा या झाडातल्या तीन टिश्यूंचं पान. या पानावर व्याख्या आहेत, उदाहरणं आहेत आणि तिन्ही नावं एकमेकांत मिसळतात, म्हणून पद्धत चालते की नाही ते इथेच नीट कळतं.

आधी फोटो. पुस्तक नवीन असेल तर मधल्या शिवणीपाशी पान वर उचललं जातं आणि तिथल्या ओळींची पहिली-शेवटची अक्षरं सावलीत जातात. खिडकीशी दिवसाउजेडी, पान हाताने सपाट दाबून, फोन पानाला अगदी समांतर धरून काढायचा, फ्लॅश बंद, कारण गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालचे शब्द जातात. खजुरी बाजारातून आणलेलं जुनं पुस्तक असेल तर एक बरं, ते आपोआप सपाट उघडतं, पण आधीच्या मुलाने पेन्सिलीने अधोरेखित केलेलं असेल तर ते आधी खोडून टाका, रेघ अक्षराला चिकटली की अक्षर बदलून वाचलं जातं.

या पुस्तकात पानावर दोन कॉलम आहेत आणि अख्ख्या पानाचा फोटो दिला तर मजकूर उचलणारं ॲप कधीकधी डाव्या कॉलमची ओळ आणि तिच्या समोरची उजव्या कॉलमची ओळ जोडून एक वाक्य बनवतं. कोलेन्कायमाच्या वाक्याला शेपूट स्क्लेरेन्कायमाचं लागतं आणि गंमत म्हणजे ते वाचायला बरोबर वाटतं कारण दोन्हीकडे शब्द तेच आहेत, पेशी, भिंत, जाड. म्हणून मी एकेक कॉलम वेगळा क्रॉप करते आणि आकृतीही वेगळी ठेवते, नाहीतर आकृतीवरची लेबलं, न्यूक्लियस, व्हॅक्युओल वगैरे, वाक्यांच्या मधे येऊन पडतात.

आता तपासणी, आणि हा भाग कुणी गाळू नये. चुकीचं स्पेलिंग लगेच दिसतं, lumen चं lurnen झालं तर डोळ्याला खुपतंच. भीती असते ती बरोबर स्पेलिंगच्या चुकीच्या शब्दाची. या पानावर तो शब्द आहे irregularly. कोलेन्कायमाच्या पेशी कोपऱ्यांशी अनियमित जाड असतात, हीच त्यांची ओळख. शब्द ओळीच्या शेवटी तुटून ir- वरच्या ओळीत राहिला, किंवा क्रॉप करताना ती कड कापली गेली, की उरतो regularly, अर्थ पूर्ण उलटा आणि स्पेलचेक गप्प. त्यामुळे आमचा नियम असा की उचललेला मजकूर पुस्तकाशेजारी ठेवून फक्त तीन गोष्टी बोटाने बघायच्या: पारिभाषिक शब्द, नकार (no, not आणि ir-, un- असले उपसर्ग) आणि प्रमाण सांगणारे शब्द, म्हणजे very little, often वगैरे. कोलेन्कायमात पेशींमधली जागा अगदी कमी असते आणि पॅरेन्कायमात पेशी सैल रचलेल्या असतात, जागा भरपूर, इथे very little मधला एक शब्द गळला तरी कार्ड बिघडतं. ही तपासणी भाचीच करते, मी नाही, कारण तेवढ्यात तिचं पान एकदा नीट वाचून होतं.

मग कार्डं. सरळ वाटतं ते असं की पुढे शब्द, मागे पुस्तकातली अख्खी व्याख्या. स्क्लेरेन्कायमाच्या व्याख्येत मृत पेशी, लांब आणि अरुंद, भिंती लिग्निनमुळे जाड, आत बऱ्याचदा जागाच उरत नाही, आणि कुठे सापडतं ते, एवढं सगळं एका कार्डाच्या मागे. मूल त्यातलं तीन सांगतं, दोन विसरतं, आणि "आलं" दाबायचं की "नाही आलं" हे त्यालाच कळत नाही. म्हणून एका कार्डात एकच गोष्ट. लिग्निनचं वेगळं, पेशी जिवंत की मृत ते वेगळं, कुठे सापडतं ते वेगळं. या पानाची बारा-पंधरा कार्डं होतात, त्याहून जास्त करू नका, प्रत्येक वाक्याचं कार्ड केलं तर रोजची उजळणी एवढी वाढते की मूल ॲप उघडणंच सोडतं.

दुसरी गोष्ट, एका प्रश्नाला दोन उत्तरं असतील तर कार्ड फुकट. "झाडाला आधार कोणती टिश्यू देते?" कोलेन्कायमाही देते, स्क्लेरेन्कायमाही देते. असलं कार्ड मूल सारखं चुकतं आणि आपल्याला वाटतं याला लक्षातच राहत नाही. अंकीमध्ये याची खूण मिळते, एखादं कार्ड उजळणीत आठ वेळा विसरलं की त्याला leech असा टॅग लागतो (आकडा बदलता येतो, डिफॉल्ट आठ). मी मधूनमधून ब्राउझरमध्ये tag:leech शोधून बघते आणि जवळजवळ दर वेळी दोष कार्डाच्या प्रश्नातच निघतो. वरचा प्रश्न मग असा झाला: आधारही देते आणि न मोडता वाकूही देते ती कोणती? आता उत्तर एकच, कोलेन्कायमा, वेलींची खोडं आणि तणावे तिच्यामुळेच वाकतात.

उदाहरणांवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण माझ्या मते सगळा फायदा तिथे आहे आणि बहुतेक तयार कार्डांत तिथेच घोळ असतो. पुस्तकात स्क्लेरेन्कायमाचं उदाहरण नारळाची शेंडी. कार्डावर पुढे "नारळाची शेंडी", मागे "स्क्लेरेन्कायमा", मूल दोन दिवसांत फाडफाड सांगतं. मग मी विचारलं की तागाची दोरी कशाची? अक्रोडाचं टरफल कशाचं? भाची गप्प. नारळ आणि स्क्लेरेन्कायमा ही जोडी पाठ झाली होती, कारण पाठ नव्हतं. तेव्हापासून उदाहरणाच्या प्रत्येक कार्डाच्या मागे व्याख्येतला तो एकच गुण येतो ज्यामुळे ते उदाहरण लागू पडतं. आणि पुस्तकातल्या उदाहरणाला जोडून एक घरातलं, तिने स्वतः हाताळलेलं. आमचं या पानाचं असं जमलं: जाम खाताना (तुमच्याकडे पेरू) दाताखाली जी कचकच लागते त्या दगडपेशी, म्हणजे स्क्लेरेन्कायमाच, भिंती लिग्निनने जाड झालेल्या. सराफ्यात थंडीत मिळतो तो गराडू नावाचा कंद आणि घरातला बटाटा म्हणजे पॅरेन्कायमा, पातळ भिंतीच्या जिवंत पेशी, त्यात अन्न साठवलेलं. शिंगाड्याची पानं पाण्यावर तरंगतात कारण त्यांच्या फुगीर देठात हवेच्या मोठ्या पोकळ्या आहेत, तो एरेन्कायमा, पॅरेन्कायमाचाच प्रकार. भाचीने स्वतः विचारलं, "मावशी, मग काकडीतलं मऊ असतं ते पण पॅरेन्कायमाच ना?" हो, तेच. हा प्रश्न आला तेव्हा मला खरंच बरं वाटलं, कारण काकडी ना पुस्तकात होती ना कार्डात.

एक काळजी घ्या, घरातलं उदाहरण घालायच्या आधी खात्री करा. लाकूड कडक असतं म्हणून ते सगळं स्क्लेरेन्कायमा असं मुलं पटकन म्हणतात, पण लाकूड म्हणजे झायलेम, ती कॉम्प्लेक्स टिश्यू आहे, तिच्यात तंतू असतात पण ट्रॅकिड आणि व्हेसलही असतात. खात्री नसेल तर पुस्तकातलं उदाहरण पुरे. आणि कार्डावर कुठलं पुस्तकातलं, कुठलं आपलं हे टॅग लावून ठेवा, पेपरात आधी पुस्तकातलं लिहायचं असतं.

कार्डं एकेक टाइप न करता मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून कॉम्प्युटरवरच्या अंकीत इंपोर्ट करते. प्रश्न मराठीत ठेवते कारण घरात आम्ही मराठीच बोलतो, पारिभाषिक शब्द इंग्रजीत कारण पेपरात स्पेलिंगसकट तोच लिहायचाय. फाइल UTF-8 मध्ये सेव्ह करायची नाहीतर देवनागरीची चौकोनं होतात, आणि प्रश्न-उत्तराच्या मधे स्वल्पविराम नको, व्याख्येत स्वल्पविराम असतातच आणि कार्ड भलत्या जागी तुटतं. मी उभी रेघ वापरते:

```
#separator:Pipe
#notetype:Basic
कोपऱ्यांशी अनियमित जाड भिंती, पेशी जिवंत. कोणती?|Collenchyma
नारळाची शेंडी कडक का?|Sclerenchyma: भिंतीत lignin
जामातली कचकच कशाची?|Sclerenchyma: दगडपेशी
```

मग सिंक केलं की तिच्या फोनवर येतात. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर अंकी फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात, आमच्याकडे अँड्रॉइडच आहे. आकृत्यांसाठी त्यातच इमेज ऑक्लुजन आहे, लेबलावर पट्टी टाकायची आणि मूल नाव सांगतं. मात्र त्यासाठी आकृतीचा जवळून वेगळा फोटो हवा, अख्ख्या पानातून कापलेली आकृती फोनवर पुसट दिसते.

उजळणी रोज संध्याकाळी खेळून आल्यावर, दहा मिनिटांच्या आत होते. नवीन कार्डांचा आकडा मी डिफॉल्ट वीसवरून खूप खाली आणलाय कारण तिला बाकीचे विषयही आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं प्रकरण फोटो काढून भरायचा विचार असेल तर करू नका, कार्ड काही दिवसांच्या अंतराने परत येतं त्यातच त्याचं काम आहे, एका रात्रीत ते होत नाही, त्यापेक्षा त्या रात्री सरळ पुस्तक वाचावं.

आणि जे या पद्धतीने होत नाही तेही सांगते. "तिन्ही टिश्यूंमधला फरक लिहा" हा तीन मार्कांचा प्रश्न कार्डांनी येत नाही. तुकडे सगळे येतात, पण मुद्द्याला मुद्दा समोर ठेवून तक्ता आखणं, पेशी जिवंत की मृत, भिंत कशी, मधली जागा किती, काम काय, हे हाताने वहीत लिहावं लागतं. आम्ही आठवड्यातून एकदा कार्डं बंद ठेवून तो तक्ता कोऱ्या कागदावर लिहायला लावतो आणि जो चौकोन रिकामा राहतो त्याचंच नवीन कार्ड करतो.