डिंकाचे लाडू की फुटाणे-अंडी? अंगावर पाजताना चालायला लागल्यावरचा खुराक

बाळ चार महिन्यांचं झालं, डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला हो म्हटलं आणि संध्याकाळी संभाजी तलावाकडे अर्धा तास चालणं सुरू झालं, की घरातून सूर निघतो: आता दोन लाडू जास्त खा. खरं तर एवढ्या चालण्याला साधारण शंभर कॅलरीच लागतात. मोठा खर्च दुधाचा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईला १६६० कॅलरी आणि ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. पहिले सहा महिने पाजताना त्यात ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनांची भर पडते.

आता ही भर कशातून घालायची? दोन्ही प्रकार मी खाऊन बघितलेत.

दोन मध्यम लाडवांत साधारण ४०० कॅलरी येतात, पण प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. तेवढ्याच कॅलरीत मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे, दोन उकडलेली अंडी आणि अर्धा कप दूध बसतं. प्रथिनं पंचवीसच्या आसपास. अंडी चालत नसतील तर ६० ग्रॅम पनीर घ्या, फरक थोडाच पडतो.

लाडवाची बाजू कमकुवत नाही. बाळ मांडीवर असताना तो एका हाताने खाता येतो, रात्री दोनला उठून काही करावं लागत नाही. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात भूक कमी असते, तेव्हा थोडक्यात ताकद देणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

पण चालायला लागल्यावर मला एक गोष्ट सतत खटकायची. फिरून आलं की लाडू खायचा, आणि तुपा-गुळाने पोट इतकं जड व्हायचं की रात्री अर्धी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन हात धुवायचे. हुलग्याची उसळ, आमटी तशीच उरायची. म्हणजे लाडवात प्रथिनं कमी हा प्रश्न लहानच होता. ज्या जेवणातून ती मिळायची तेच लाडू बाजूला सारत होता. फुटाणे-अंडी खाल्ल्यावर दोन तासांनी परत भूक लागायची आणि ताट पूर्ण व्हायचं. फुटाणे खिशातही राहतात, तेही एका हाताने खाता येतात. मात्र सोबत पाणी भरपूर हवं, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच.

प्रत्येकीचं पोट वेगळं, त्यामुळे माझंच खरं असं म्हणणार नाही. वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरत असेल किंवा चालताना चक्कर येत असेल, तर कॅलरीच कमी पडतायत. तेव्हा लाडू ठेवा, पण सकाळी दुधासोबत. बाळाला दूध पुरतंय का, हे त्याच्या वजनावरून आणि दिवसाच्या सहा-सात ओल्या लंगोटांवरून कळतं. ते ठीक असेल आणि तुमचं वजन हळूहळू उतरत असेल, तर संध्याकाळी फिरून आल्यावर मी तरी फुटाण्यांचाच डबा उघडेन.